फॅक्टरी रीसेटनंतर फोन जुने गूगल खाते मागतो, पण खाते उघडत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँड्रॉइड फोन रीसेट केल्यानंतर पुन्हा सुरू करताना तो आधीच्या गूगल खात्याची विचारणा करतो. ते खाते उघडू गेल्यास गूगल पडताळणीची सूचना नेमकी त्याच रीसेट झालेल्या फोनवर पाठवते, किंवा पासवर्डच आठवत नाही, किंवा नवा पासवर्ड देऊनही फोन तो मान्य करत नाही. पुढील प्रश्नोत्तरे या पेचाविषयी आहेत. फोन आपला स्वतःचा आहे आणि त्यातील खातेही आपलेच आहे, असे येथे गृहीत धरले आहे. दुसऱ्याकडून घेतलेल्या फोनचा प्रश्न शेवटाकडे स्वतंत्रपणे दिला आहे.

रीसेट केल्यावर सगळेच पुसले जाते, तर फोनला जुने खाते कसे ठाऊक असते?

रीसेटमध्ये आपले फोटो, ॲप आणि सेटिंग ज्या भागात असतात तो भाग पुसला जातो. मात्र फोनच्या साठवणुकीत एक लहानसा वेगळा विभाग राखून ठेवलेला असतो आणि रिकव्हरी मोडमधून केलेल्या रीसेटचा त्याला स्पर्श होत नाही. स्क्रीन लॉक लावलेल्या फोनमध्ये गूगल खाते जोडले, की त्या खात्याची ओळख पटवण्यापुरती खूण या विभागात लिहिली जाते. पासवर्ड तेथे नसतो. पासवर्डची तपासणी इंटरनेटवरून गूगलकडेच होते, म्हणूनच या टप्प्यावर वाय-फाय किंवा मोबाइल डेटा जोडल्याशिवाय फोन पुढे जाऊ देत नाही.

ही व्यवस्था २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ पासून आली आणि तिला ‘फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन’, थोडक्यात ‘एफआरपी’ म्हणतात. चोरलेला फोन बटणे दाबून कोरा करावा आणि वापरायला घ्यावा, हे अवघड व्हावे एवढाच तिचा हेतू आहे. त्यामुळे रीसेट कोणत्या वाटेने केले, याला येथे महत्त्व आहे. फोन उघडून सेटिंगमधून रीसेट केल्यास तो आधी पिन किंवा पॅटर्न विचारतो, म्हणजेच मालकाची ओळख तेथेच पटते आणि सामान्यतः हे कुलूप लागत नाही. फोन बंद करून बटणांच्या जोडीने रिकव्हरी मोडमध्ये जाऊन ‘Wipe data/factory reset’ निवडल्यास, किंवा हरवलेला फोन दुरून पुसल्यास, मालक कोण हे फोनला कळत नाही आणि कुलूप लागते.

मी नेमका कुठे अडकलो आहे, हे कसे ओळखावे?

येथे कुलुपे दोन आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ ती एकच समजल्यामुळे होतो. पहिले कुलूप फोनचे आहे. हा फोन पूर्वी ज्या खात्याशी जोडलेला होता, तेच खाते आता दिले जात आहे का, एवढेच ते पाहते. दुसरे कुलूप खात्याचे आहे. हे खाते उघडू पाहणारी व्यक्ती खरोखर खातेदार आहे का, हे गूगलचे सर्व्हर पाहतात आणि फोन रीसेट झाला नसता, आपण एखाद्या अनोळखी संगणकावर बसला असता, तरीही त्यांनी हेच पाहिले असते.

फोन खाते ओळखतो आहे, पण पासवर्ड चुकीचा ठरतो आहे किंवा ओटीपी अथवा मंजुरी मागितली जाते आहे, तर अडचण दुसऱ्या कुलुपाची आहे आणि ती फोनवर झगडून सुटणार नाही. ती दुसऱ्या उपकरणावर सोडवावी लागते. याउलट पासवर्ड व पडताळणी दोन्ही पार पडल्यावर ‘या उपकरणावर पूर्वी वापरलेले खाते द्या’ अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर आपण दिलेले खाते भलतेच आहे. कोणत्याही दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी संदेशाचे शब्द नीट वाचून हा फरक ठरवावा.

जुना पिन किंवा पॅटर्न मला आठवतो. त्याचा काही उपयोग आहे का?

आहे, आणि तो सर्वांत सोपा मार्ग आहे. फोन अडकून पडला म्हणून किंवा दुरुस्तीच्या वेळी रीसेट झाला असेल, तर पिन विसरलेला नसतो. अनेक फोन खात्याऐवजी रीसेटपूर्वीचा स्क्रीन लॉक देण्याची मुभा देतात. पडद्यावर आधी पिनची विचारणा होते आणि खाली ‘Use my Google Account instead’ हा दुसरा पर्याय दिसतो. रीसेटच्या क्षणी जो पिन लागू होता तोच चालतो, त्याच्या आधीचा नाही. चुकीचे प्रयत्न वाढत गेले की दोन प्रयत्नांमधील सक्तीची प्रतीक्षाही वाढत जाते, तेव्हा अंदाजाने आकडे टाकत बसू नये.

पासवर्ड बरोबर आहे, पण मंजुरीची सूचना त्याच रीसेट झालेल्या फोनवर जाते. आता काय करावे?

तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहावी, तशी ही अवस्था आहे. गूगलच्या नोंदीत तो फोन अजूनही आपले विश्वासाचे उपकरण असतो, म्हणून ‘फोन उघडा आणि होय दाबा’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या फोनवर आता ते खातेच नाही, त्यामुळे सूचना कधीच पोहोचणार नाही. तिची वाट पाहू नये. त्याच पडद्यावरील ‘Try another way’ हा पर्याय दाबावा. खात्याला जोडलेले पडताळणीचे इतर मार्ग त्यानंतर दिसतात आणि यातील कोणता आपल्याकडे शिल्लक आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

सर्वाधिक उपयोगी पडतो तो मोबाइल क्रमांक. बंद फोनमधील सिम कार्ड काढून दुसऱ्या, चालू फोनमध्ये घालावे आणि एसएमएसने किंवा कॉलने येणारा कोड तेथे पाहावा. सुरुवातीच्या मांडणीत, म्हणजे सेटअपमध्ये, अडकलेल्या फोनवर संदेशांचे ॲप उघडता येत नाही, म्हणून हा खटाटोप. सिम हरवले असेल, किंवा ई-सिम असून रीसेटमध्ये पुसले गेले असेल, तर आपल्या मोबाइल कंपनीकडून तोच क्रमांक पुन्हा सुरू करून घ्यावा. क्रमांक हातात आला की कोड पूर्वीप्रमाणे येऊ लागतात.

दुसरा मार्ग बॅकअप कोडचा. टू-स्टेप पडताळणी सुरू करताना अनेकांनी आठ अंकी दहा कोडांची यादी उतरवून किंवा छापून ठेवलेली असते आणि नंतर ती विसरलेली असते. यातील प्रत्येक कोड एकदाच चालतो. कागदपत्रांत आणि संगणकावरील डाउनलोडमध्ये ही यादी शोधणे निश्चितच सार्थ आहे.

तिसरा मार्ग म्हणजे त्याच खात्याने सुरू असलेले दुसरे उपकरण. जुना टॅब्लेट, बाजूला ठेवलेला आधीचा फोन, यांपैकी काहीही चालते. ते चार्ज करून इंटरनेटला जोडावे. मंजुरीची सूचना तेथेही येऊ शकते. दुसरे अँड्रॉइड उपकरण असेल, तर त्याच्या सेटिंगमधील गूगल विभागात एकदाच वापरता येणारा सुरक्षा कोडही मिळतो आणि पडताळणीच्या पर्यायांत त्याची विचारणा झाल्यास तो देता येतो.

लॉग-इनसाठी दर थोड्या वेळाने नवा कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर मात्र भिस्त ठेवताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. ते ॲप केवळ रीसेट झालेल्या फोनवरच असेल आणि त्यातील कोड अन्यत्र उतरवलेले नसतील, तर ते रीसेटबरोबर गेले. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून कोड खात्याशी जुळवून ठेवण्याची सोय आहे, पण जे खाते उघडायचे आहे त्याच्याच आत ते कोड असतील, तर या प्रसंगी त्यांचा उपयोग नाही.

पासवर्डच आठवत नाही. तो फोनवरच बदलावा का?

शक्यतो नाही. गूगलच्या खाते-पुनर्प्राप्तीच्या पानावर, म्हणजे g.co/recover येथे, ज्या संगणकावरून किंवा टॅब्लेटवरून आपण हे खाते नेहमी वापरत आला आहात त्यावरून जावे. शक्य तर नेहमीचाच ब्राउझर वापरावा आणि घर किंवा कार्यालय अशा नेहमीच्या ठिकाणाहूनच प्रयत्न करावा. गूगल उत्तरांबरोबरच ही ओळखही जमेस धरते. नुकताच रीसेट झालेला फोन त्याच्या दृष्टीने नवखा असतो आणि तेथून केलेली विनंती अधिक संशयाने पाहिली जाते. ज्याला घाई असते तो नेमका तेथेच बसून प्रयत्न करत राहतो आणि नाकारला जातो.

आठवणारा शेवटचा पासवर्ड विचारल्यास नेमका नसला तरी जवळचा, पूर्वी खरोखर वापरलेला पासवर्ड द्यावा. प्रश्न टाळण्यापेक्षा उत्तर देणे बरे. पुनर्प्राप्तीसाठी दिलेला दुसरा ईमेल पत्ता कोणता होता हे आठवून आधी तो उघडून ठेवावा, कारण कोड तेथे जाऊ शकतो. कधी कधी गूगल लगेच निर्णय देत नाही आणि काही तास किंवा काही दिवस थांबण्यास सांगते. तो काळ जाऊ द्यावा. दरम्यान वेगवेगळ्या ठिकाणांहून पुन्हा पुन्हा विनंत्या पाठवल्याने लाभ होत नाही.

दूरध्वनीवरून खाते उघडून देणारी सेवा गूगल चालवत नाही. ‘गूगल सपोर्ट’ म्हणून इंटरनेटवर दिसणारे आणि पैसे किंवा ओटीपी मागणारे क्रमांक फसवणुकीचे समजावेत.

पासवर्ड बदलला, तो संगणकावर चालतो, पण फोन तो स्वीकारत नाही. असे का?

पासवर्ड गेल्या २४ तासांत बदललेला असेल, तर त्या खात्याने रीसेट झालेला फोन सुरू करता येत नाही. कारण सरळ आहे. फोन चोरणाऱ्याने कसाबसा पासवर्डही बदलून घेतला, तरी खऱ्या मालकाला सावध होण्यास एक दिवस मिळावा. सुरुवातीच्या काळात ही मुदत ७२ तासांची होती, म्हणून जुन्या लेखांत तीन दिवसांचा उल्लेख सापडतो.

या एका दिवसात सर्वाधिक चुका होतात. फोन नाकारतो, म्हणून पासवर्डच चुकला असावा असे वाटून मनुष्य तो पुन्हा बदलतो आणि २४ तासांची मोजणी नव्याने सुरू होते. पासवर्ड संगणकावर चालत असेल तर तो योग्यच आहे. बदलल्याची वेळ लिहून ठेवावी, फोन बाजूला ठेवावा आणि मुदतीपेक्षा थोडे अधिक थांबून मगच प्रयत्न करावा.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, याचे एखादे उदाहरण द्याल का?

असे समजू, की एक बाई फोन नेहमी बोटाच्या ठशाने उघडत होत्या. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अशा वेळी ठसा चालत नाही, पिन द्यावाच लागतो, आणि पिन तर त्यांनी कित्येक महिन्यांत वापरलेला नव्हता. मुलाने रिकव्हरी मोडमधून फोन रीसेट केला. फोन सुरू होताच त्याने आधी पिन आणि मग पर्याय म्हणून गूगल खाते मागितले. ईमेल पत्ता आठवत होता, पासवर्ड नव्हता. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना होता आणि तो केव्हाच बंद झाला होता. म्हणजे पिन, पासवर्ड आणि एसएमएस या तिन्ही वाटा बंद झाल्या.

घरात एक जुना टॅब्लेट होता आणि त्यावर त्याच खात्याने व्हिडिओ पाहिले जात. मुलाने तो चार्ज केला, त्यावरूनच पुनर्प्राप्तीचे पान उघडले आणि बंद क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय आल्यावर ‘Try another way’ दाबले. तेव्हा टॅब्लेटवरच मंजुरीची सूचना आली, ती स्वीकारल्यावर नवा पासवर्ड ठेवता आला. ही गोष्ट संध्याकाळी सातची. लगेच तो पासवर्ड फोनवर टाकला आणि फोनने तो नाकारला. येथे पासवर्ड पुन्हा बदलण्याचा मोह होता. त्याऐवजी त्यांनी दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत वाट पाहिली, तोवर खात्यातला बंद क्रमांक काढून चालू क्रमांक जोडून घेतला. रात्री फोन वाय-फायला जोडून ईमेल आणि नवा पासवर्ड दिला, मंजुरीची सूचना पुन्हा टॅब्लेटवर आली, ती मान्य करताच फोन पुढे सरकला.

फोन खुला झाला, तरी पूर्वीचे सगळे परत आले नाही. संपर्क आले, कारण ते खात्याशी जुळवलेले होते. ज्या फोटोंची प्रत गूगल फोटोजमध्ये गेली होती तेही दिसले. पण फोनचा बॅकअप परत घेताना रीसेटपूर्वीचा पिन मागितला गेला. बॅकअपमधील एसएमएस, कॉलची नोंद यांसारखा तपशील त्या पिनच्या आधारे कूटबद्ध केलेला असतो, आणि तो तपशील तसाच राहिला.

फोनमध्ये नेमके कोणते खाते होते, तेच आठवत नाही. कसे शोधावे?

आपली जी जी खाती असतील त्यांच्या जीमेलमध्ये फोनच्या मॉडेलचे नाव टाकून शोध घ्यावा. नव्या उपकरणावर लॉग-इन झाल्याची सूचना गूगल ईमेलने पाठवते आणि तिच्यात बहुधा मॉडेलचे नाव असते. खाते उघडता येत असेल तर myaccount.google.com/device-activity येथे उपकरणांची यादीही पाहता येते. पत्ताच आठवत नसेल, तर लॉग-इनच्या पडद्यावरील ‘Forgot email?’ या पर्यायातून मोबाइल क्रमांक किंवा पुनर्प्राप्तीचा ईमेल आणि खात्यावरील पूर्ण नाव देऊन तो शोधता येतो. नाव आपण खात्यात जसे लिहिले होते तसेच द्यावे लागते, टोपणनाव असेल तर टोपणनाव.

खाते कंपनीने किंवा शाळेने दिलेले असल्यास त्याचा पासवर्ड तेथील व्यवस्थापक बदलून देऊ शकतो. अशा वेळी स्वतःच्या खात्यांत शोधत बसण्यात अर्थ नाही.

पुन्हा एकदा रीसेट केले, सिम बदलले किंवा इंटरनेट बंद ठेवले, तर कुलूप निघेल का?

नाही. खूण ठेवणारा विभाग रीसेटने पुसला जात नाही आणि सिमचा त्याच्याशी संबंध नाही. इंटरनेटविना तर तपासणीच होत नाही.

हे कुलूप तोडून देणारे व्हिडिओ आणि सॉफ्टवेअर वापरावे का?

माझे मत स्पष्टपणे नकाराचे आहे. असे उपाय मांडणीच्या पडद्यावरील एखाद्या फटीतून ब्राउझर किंवा सेटिंग उघडण्यावर आधारलेले असतात आणि सुरक्षा अद्ययावतांमध्ये त्या फटी एकेक करून बुजवल्या जातात. अँड्रॉइड १५ मध्ये तर मांडणीचे पडदे ओलांडून पुढे गेले तरी कुलूप कायम राहते. तोवर नवे खाते जोडणे, नवा पिन ठेवणे आणि ॲप टाकणे अडवले जाते. पूर्वी विकसकांसाठीच्या पर्यायांतील ‘OEM unlocking’ सुरू ठेवून पळवाट काढली जाई, तीही तेथे बंद झाली आहे. शिवाय ज्या अनोळखी सॉफ्टवेअरला आपण संगणक आणि फोन दोन्ही सुपूर्द करतो, ते आत काय ठेवून जाते, हे तपासण्याचे साधन सामान्य वापरकर्त्याकडे नसते.

खाते कोणत्याच मार्गाने परत मिळाले नाही तर?

फोन खरेदीचे मूळ बिल शोधावे. त्यावर आयएमईआय क्रमांक असेल तर उत्तम. हा पंधरा अंकी क्रमांक फोनच्या खोक्यावरही छापलेला असतो. काही उत्पादक कंपन्या मालकीचा पुरावा पाहून आपल्या अधिकृत सेवा केंद्रात हे कुलूप काढून देतात, काही देत नाहीत, तेव्हा जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. हे काम गूगल करत नाही, उत्पादकाचे सेवा केंद्रच करू शकते. फोन वापरात आला तरी खाते त्यामुळे परत मिळत नाही, त्याचे प्रयत्न वेगळे चालू ठेवावे लागतात.

येथे आणखी एक गुंता संभवतो. सॅमसंग आणि शाओमी यांसारख्या कंपन्यांची स्वतःचीही खाती असतात आणि त्यांचे वेगळे कुलूप असू शकते. पडद्यावर गूगलऐवजी त्या कंपनीचे नाव दिसत असेल, तर वरील गूगलविषयक उपाय लागू पडत नाहीत. त्या कंपनीच्याच पुनर्प्राप्तीच्या पानावर जावे लागते.

वापरलेला फोन विकत घेतला आणि तो आधीच्या मालकाचे खाते मागतो आहे. काय करता येईल?

त्या मालकाशी संपर्क साधणे हाच खरा उपाय आहे. फोन त्यांच्याकडे नेऊन त्यांनी स्वतः जुना पिन किंवा खाते द्यावे, फोन सुरू झाल्यावर सेटिंगमधून आपले खाते काढावे आणि मग सेटिंगमधूनच पुन्हा रीसेट करावा. त्यांच्याकडून पासवर्ड मागून घेऊ नये, त्यांनीही तो देऊ नये. ‘मी माझ्या यादीतून फोन काढून टाकला आहे’ एवढ्यावर त्यांनी समाधान मानले, तरी काम झालेले नसते, कारण खूण फोनमध्ये असते आणि यादी गूगलकडे. मालक सापडत नसेल किंवा टाळाटाळ करत असेल, तर फोन विक्रेत्याला परत करावा. तो चोरीचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

पुढच्या वेळी रीसेट करण्यापूर्वी काय तपासावे?

फोन उघडत असेल तर रिकव्हरी मोडकडे वळूच नये. सेटिंगमधील खात्यांच्या विभागातून गूगल खाते काढावे आणि मग सेटिंगमधूनच रीसेट करावे. त्याआधी खात्यावरील मोबाइल क्रमांक चालू आहे का हे पाहावे, बॅकअप कोडांची ताजी यादी काढून फोनबाहेर ठेवावी, आणि पासवर्ड आठवतो की नाही हे दुसऱ्या उपकरणावर प्रत्यक्ष लॉग-इन करून पडताळावे. तो आठवला नाही आणि बदलावा लागला, तर रीसेट दुसऱ्या दिवसावर ढकलावे.